चालू इंजिनच विमान का उलटवतं?

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, दोन इंजिनांपैकी एक बंद पडलं तर विमान निम्म्या ताकदीने उडेल ना? मग ते उलटं का होतं?" प्रश्न रास्त आहे. आपण कारण बंद पडलेल्या इंजिनात शोधतो. पण विमान फिरवतं ते चालू इंजिन.

बैलगाडी आठवा. एक बैल बसला आणि दुसरा ओढत राहिला, तर गाडी बसलेल्या बैलाकडे वळते. विमानाचंही तसंच. डावं इंजिन गेलं की उजवं इंजिन नाक डावीकडे ढकलतं. ते सरळ ठेवायला वैमानिक उजवा पाय दाबून शेपटीवरचं सुकाणू वळवतो.

आता मेख इथे आहे. सुकाणूचा जोर येतो वाहत्या हवेतून, आणि तो वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. इंजिनाची ओढ मात्र वेग उतरला म्हणून कमी होत नाही. पंख्याच्या विमानात उलट थोडी वाढतेच.

पायपर सेमिनोल हे शिकाऊ वैमानिकांचं विमान घ्या. प्रत्येक इंजिन १८० अश्वशक्तीचं. एका इंजिनावर सर्वांत चांगली चढण मिळते ८८ नॉटला. वेगमापकावर तिथे निळी रेघ असते. लाल रेघ ५६ नॉटला. हाच किमान नियंत्रण वेग. ८८ ला सुकाणूचा जोर १०० धरला, तर ५६ ला तो जेमतेम ४० उरतो. त्याखाली पाय पूर्ण दाबला तरी नाक वळतच राहतं. वळताना उजवा पंख पुढे धावतो, त्याला जास्त उचल मिळते, शिवाय चालू पंख्याचा झोत त्याच्यावरून जातोच. मग विमान डावीकडे कलंडतं, आणि पाहता पाहता पाठीवर होतं.

बरं, हा ५६ आकडा काही दगडावरची रेघ नव्हे. तो ठरवताना विमान चालू इंजिनाकडे जास्तीत जास्त पाच अंश कललेलं असतं. पंख सपाट ठेवले तर नियंत्रण त्याआधीच, जास्त वेगाला सुटतं.

मग उपाय काय? पाय पूर्ण दाबूनही नाक वळत असेल, तर तीच खूण समजायची. नाक खाली करून वेग मिळवायचा आणि चालू इंजिनाची शक्ती कमी करायची. उड्डाणानंतर जमीन शंभर फुटांवर असताना हे करणं मनाला पटत नाही. हात नाक वर ओढायला जातो, वेग आणखी उतरतो. पण सरळ राहून शेतात उतरलेलं विमान वाचू शकतं. उलटं झालेलं, इतक्या कमी उंचीवर, नाही.