रेघ ओढायला स्टेपर, पेन उचलायला सर्वो

ए-फोर कागदावर चित्र काढणारा छोटा प्लॉटर घरी बांधायला घेतला की पहिला प्रश्न मोटरचा येतो. एसजी९० ही निळी, अंगठ्याएवढी सर्वो मोटर स्वस्त असते. तिला तीन वायरी जोडल्या, कोन सांगितला, की ती तिथे जाऊन थांबते. स्टेपरला मात्र वेगळा ड्रायव्हर लागतो, बहुधा १२ व्होल्टचा पुरवठाही लागतो. त्यामुळे नवशिक्याचा हात आधी सर्वोकडे जातो. रेघ ओढायचं काम तिला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

या सर्वोच्या पोटात एक छोटा पोटेन्शिओमीटर असतो. आपण कुठे आहोत हे तो सांगतो आणि आतलं सर्किट हवा तो कोन येईपर्यंत मोटर फिरवत राहतं. पण फरक फारच बारीक असला तर सर्किट त्याकडे दुर्लक्ष करतं, शिवाय प्लास्टिकच्या गिअरमध्ये थोडी ढिलाई असते. दोन्ही मिळून अंदाजे एका अंशाची चूक धरायला हरकत नाही. एक अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो. मात्र १६ सेंटिमीटर लांब हाताच्या टोकाला पेन बांधलं, तर तिथे त्याचे जवळजवळ २.८ मिलिमीटर होतात. ब्रॅकिओग्राफ नावाचा प्लॉटर अशाच सर्वोंवर चालतो. त्याच्या थरथरत्या रेषेला स्वतःचं सौंदर्य आहे आणि तीच हवी असेल तर सर्वो जरूर घ्यावी. नकाशा, अक्षरं किंवा सरळ चौकट काढायची असेल, तर ती रेषा चालत नाही.

स्टेपर आपली जागा पाहत नाही, नुसती पावलं टाकते. नेहमीची नेमा १७ मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. तिच्यावर २० दात्यांची पुली आणि २ मिलिमीटर अंतराच्या दात्यांचा जीटी२ पट्टा बसवला, तर एका फेऱ्यात पेन ४० मिलिमीटर सरकतं, म्हणजे एका पावलाला ०.२ मिलिमीटर. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे १६ भाग केले की एका मिलिमीटरला ८० सूक्ष्म पावलं होतात. जीआरबीएलमध्ये एक्स अक्षासाठी हाच आकडा भरतात:

```
$100=80
```

यावरून पेन ०.०१२५ मिलिमीटर इतक्या अचूकपणे थांबेल, असा हिशेब मात्र करू नये. एका सूक्ष्म पावलामागे मोटरच्या पूर्ण जोराचा साधारण दहावा हिस्साच असतो. तेवढा जोर रुळावरच्या घर्षणातच जिरू शकतो आणि मग पेन दोन-तीन पावलं साठवून एकदम हलतं. सूक्ष्म पावलांचा खरा फायदा चाल गुळगुळीत होण्यात आहे.

स्टेपरचा मोठा दोष हा की पाऊल चुकलं तरी तिला कळत नाही. पेन कागदाच्या सुरकुतीत अडलं, वेग एकदम वाढवला किंवा ड्रायव्हरला करंट कमी दिला, की मोटर अडखळते आणि कंट्रोलर पुढे मोजत राहतो. हे ओळखायला एकाच चौकोनावरून पेन पाच-सहा वेळा फिरवावं. एका क्षणापासून पुढचं सगळं चित्र एका बाजूला सरकलेलं दिसलं, तर पावलं चुकली आहेत. तेव्हा प्रवेग कमी करावा आणि करंट तपासावा. प्रत्येक वेळी दिशा बदलताना सारखीच फट राहत असेल, तर मोटरला दोष देऊ नये. पट्टा सैल आहे किंवा पुलीचा स्क्रू ढिला आहे.

पेन वर-खाली करायला मात्र एसजी९०च उत्तम. तिथे फक्त दोन जागा लागतात, वर आणि खाली. एका अंशाची चूक तिथे कुणाला दिसत नाही, आणि सर्वो हलकी असल्याने पेनाच्या गाड्यावर भार पडत नाही.

कॅमेरा स्लायडरचा हिशेबही याच पट्ट्यावर करता येतो. ६० सेंटिमीटरच्या रुळावर टाइमलॅप्सचे ३०० फोटो घ्यायचे, तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा २ मिलिमीटर, म्हणजे १६० सूक्ष्म पावलं सरकवायचा. थरथर शमायला थोडं थांबायचं आणि मग शटर दाबायचं. हे काम स्टेपरचंच. चालू व्हिडिओत तेच अंतर २० सेकंदांत कापायचं असेल, तर मोटर सेकंदाला १५० पूर्ण पावलं टाकते, आणि नेमक्या याच सुमाराच्या वेगाला स्टेपर बहुधा गुरगुरते व कंप पावते. ते चित्रात दिसतं, माइकलाही ऐकू येतं. इथे जुन्या ए४९८८ऐवजी टीएमसी२२०९ हा ड्रायव्हर वापरला की गुरगुर बरीच शांत होते.

जड कॅमेरा वेगाने पळवायचा असेल, तर एन्कोडर असलेली औद्योगिक सर्वो विचारात घ्यावी. तिला एसजी९०ची बहीण समजू नये. ती आपली जागा सतत मोजते आणि वेग वाढला तरी तिचा जोर स्टेपरसारखा ओसरत नाही. मात्र तिचं ट्यूनिंग नीट झालं नाही, तर थांबलेल्या जागीही ती मागे-पुढे हलत राहते. रूळ तिरका किंवा उभा लावणार असाल, तर आणखी एक गोष्ट बघावी. पट्ट्यावरचा गाडा स्टेपरचा असो वा सर्वोचा, वीज गेली की कॅमेऱ्यासकट खाली घसरतो. अशा ठिकाणी ब्रेक किंवा समतोल वजन लावूनच कॅमेरा चढवावा.