चित्रं बघायला या, पण केव्हा आणि कशासाठी?

चित्रप्रदर्शनाचं एक निमंत्रण घेऊ. चित्रकर्ती काल्पनिक आहे, पण असा मजकूर आपल्या व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला येतो.

“लवण-अवकाश : स्मृती आणि विलय. भूदृश्य आणि काळ यांच्यातील द्वंद्वात्मक संवादाचा वेध घेणारी ही चित्रमालिका अस्तित्वाच्या सीमारेषांना प्रश्न विचारते. पोत, अवकाश आणि रिक्तता यांच्या परस्परसंबंधांतून साकारलेली ही चित्रे रसिकाला अमूर्त अनुभूतीच्या प्रवासाला नेतात. उद्घाटन मान्यवरांच्या शुभहस्ते उद्या सायंकाळी. स्थळ : जहांगीर. आपली उपस्थिती प्रार्थनीय.”

सोबत एक देखणं कार्ड आहे. तारखा त्या कार्डावर खाली, बारीक अक्षरात आहेत.

आता ठाण्यात राहणारी, चित्रं आवडणारी, पण चित्रकलेच्या वर्तुळात नसलेली एक बाई हे वाचते असं समजा. तिला रविवारी वेळ आहे. प्रदर्शन रविवारी चालू असेल का, हे मजकुरातून कळत नाही. ‘उद्या’ म्हणजे कधी हेही कळत नाही, कारण हा मजकूर तिच्यापर्यंत तिसऱ्या माणसाकडून तिसऱ्या दिवशी आलाय. आणि मुख्य म्हणजे चित्रं कशाची आहेत याचा पत्ता लागत नाही. ‘लवण’वरून मिठाशी काही संबंध असावा, एवढा अंदाज बांधून ती पुढच्या निरोपाकडे वळते. चित्रकर्तीने दोन वर्षं खपून केलेलं काम तिच्यापर्यंत पोचतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही भाषा येते कुठून, ते आधी बघू. चित्रकाराला गॅलरीकडे अर्ज करताना, शिष्यवृत्ती मागताना, कॅटलॉग छापताना आपल्या कामाविषयी एक निवेदन द्यावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा इंग्रजीत असतं. ते वाचणारे समीक्षक, क्युरेटर आणि निवड समितीचे लोक असतात. त्या निवेदनांची जगभर एक ठरावीक बोली तयार झाली आहे. ॲलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन या दोघांनी ‘ई-फ्लक्स’वरून वर्षानुवर्षं पाठवली गेलेली प्रदर्शनांची निवेदनं गोळा करून तपासली आणि २०१२ साली ‘ट्रिपल कॅनोपी’ या नियतकालिकात त्या बोलीवर लेख लिहिला. भाववाचक नामांचा सोस आणि साधी गोष्ट जड करून सांगण्याची ओढ त्यांनी उदाहरणांसह दाखवली. आपल्याकडे तेच निवेदन मराठीत उतरवून निमंत्रणाला जोडलं जातं. समितीसाठी लिहिलेला कागद ठाण्याच्या बाईच्या हातात पडतो.

म्हणून निमंत्रण नव्याने लिहिताना जुना मजकूर सुधारत बसू नये. तो बाजूला ठेवावा आणि चित्रकाराला एका चित्रासमोर उभं करून विचारावं, हे कसं केलंस? ‘याचा अर्थ काय’ असं विचारलं तर पुन्हा अवकाश आणि रिक्तता येते. ‘कसं केलंस’ म्हटलं की हात, कागद, पाणी, जागा, वेळ यांची भाषा सुरू होते. आपल्या चित्रकर्तीने सांगितलं असतं ते साधारण असं.

ती उरणच्या मिठागरांच्या बांधावर बसून चित्रं करते, जलरंगात, २२ बाय ३० इंचांच्या पूर्ण कागदावर. आकाश आणि साचलेलं पाणी यांचा रंग एकदा लावला की ती थांबते. कागदावरची पाण्याची चकाकी ओसरायला लागते, पण कागद अजून ओला असतो, त्या वेळी ती त्याच मिठागरातलं जाडं मीठ चिमटीने सोडते. मिठाचा दाणा भोवतालचं पाणी ओढून घेतो, रंगाचे कण सरकतात आणि प्रत्येक दाण्याभोवती फिकट चांदणीसारखी खूण उमटते. चकाकी असताना मीठ टाकलं तर ते विरघळून नुसता डाग पडतो, आणि कागद सुकल्यावर टाकलं तर काहीच होत नाही. मधला काळ थोडा असतो. उन्हात तो आणखी आटतो, दमट हवेत लांबतो. चित्र पूर्ण वाळलं की ती मीठ झटकून काढते, कारण कागदावर राहिलेलं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि पुढे कागदाला त्रास देतं.

मिठागराचं चित्र मिठानेच उमटतंय! यातलं एक अक्षरही पहिल्या निमंत्रणात नव्हतं. तिथला ‘पोत’ हा शब्द बहुधा याच चांदण्यांसाठी होता, पण तो वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर चांदणी येणार?

मात्र एवढ्याने निमंत्रण पुरं होत नाही. गोष्ट सुरेख आहे, पण ती घरी बसूनही वाचता येते. माणसाने लोकल पकडून का यावं, याचं उत्तर वेगळं शोधावं लागतं, आणि ते भिंतीवरच्या चित्रातच सापडलं पाहिजे. इथे ते मापात आहे. उभ्या धरलेल्या फोनच्या पडद्याची रुंदी जेमतेम पावणेतीन इंच असते. तीस इंच रुंद चित्र त्यावर अकरा पटींनी आक्रसतं. अर्ध्या सेंटिमीटरची चांदणी अर्ध्या मिलिमीटरहून लहान होते, म्हणजे धुळीच्या कणासारखी दिसते. फोटोत दिसतं ते नुसतं राखाडी आकाश. शिवाय कागदावरची चित्रं काचेत बसवलेली असतात आणि काचेवर दिव्यांची प्रतिबिंबं पडतात. म्हणून चित्रकर्तीने एक चित्र मुद्दाम काचेविना लावायचं ठरवलं, तर यायला कारण मिळालं. ते मात्र खरं असायला हवं. काचेविना चित्र लावणार नसाल, तर तसं लिहू नये.

आता मजकूर असा होईल.

“मिठागरं : जलरंगातली २४ चित्रं. मंगळवार १ ते सोमवार ७ डिसेंबर २०२६, रोज सकाळी ११ ते संध्याकाळी ७. जहांगीर आर्ट गॅलरी, एसी गॅलरी क्र. २, काळा घोडा, मुंबई. प्रवेश विनामूल्य.

उरणच्या मिठागरांच्या बांधावर बसून मी ही चित्रं केली. ओल्या रंगावर तिथलंच जाडं मीठ सोडलं. दाण्यांनी पाणी ओढलं आणि आकाशभर फिकट चांदण्या उमटल्या. फोनवरच्या फोटोत त्या दिसत नाहीत. एक मोठं चित्र काचेविना लावलं आहे, ते अगदी जवळून बघा.

शनिवारी आणि रविवारी दुपारी ४ ते ७ मी तिथेच असेन. मीठ कधी टाकायचं ते कागदावर करून दाखवेन. गॅलरी वस्तुसंग्रहालयाला लागून आहे. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत साधारण वीस मिनिटं. मेट्रोने आल्यास हुतात्मा चौक स्थानकावर उतरा.”

तारखांची ओळ वर घेतली, त्यामागे साधा हिशेब आहे. इन्स्टाग्रामवर लांब मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचा दाबून उघडावा लागतो. व्हॉट्सॲपवर कार्ड आणि मजकूर यांची ताटातूट होते. कुणी फक्त चित्र पुढे पाठवतं, कुणी फक्त मजकूर. म्हणून तारीख, वेळ आणि जागा दोन्हीकडे हव्यात. कार्डावरची अक्षरं मजकुराइतकी सहज कॉपी करता येत नाहीत, शोधली तर सापडतीलच असं नाही, आणि फोनकडून मजकूर वाचून घेणाऱ्या अंध माणसापर्यंत पोचतीलच याची खात्री नसते. तारखेसोबत वार हवा, कारण नोकरदार माणूस तारखेपेक्षा शनिवार-रविवार बघून बेत ठरवतो. सालही हवं, नाहीतर मागच्या वर्षीचं निमंत्रण फिरत फिरत आलंय की काय, अशी शंका येते. महिना अक्षरात लिहावा. १/१२ हा आकडा न्यू जर्सीतल्या भाच्याला बारा जानेवारी वाटू शकतो, आणि तोच आपल्या मुंबईच्या मित्रांना निरोप पाठवणार असतो. ‘उद्या’, ‘येत्या मंगळवारी’ हे शब्द लिहिणाऱ्याच्या दिवसाला बांधलेले असतात, ते काढून टाकावेत.

‘स्थळ : जहांगीर’ एवढंही पुरत नाही. १९५२ साली सुरू झालेल्या त्या इमारतीत एकाच वेळी वेगवेगळ्या चित्रकारांची प्रदर्शनं भरतात. एसी गॅलऱ्या आहेत, हिरजी जहांगीर गॅलरी आहे, टेरेस गॅलरी आहे. दालनाचं नाव नसेल तर पाहुणा दुसऱ्याचीच चित्रं बघून परत जायचा. मान्यवरांची नावं मी मजकुरातून काढली. उद्घाटनाला यायचं ते लोक बहुधा फोन करूनच बोलावलेले असतात, त्यांना वेगळी ओळ पाठवावी.

सगळेच कठीण शब्द काढायचे का? नाही. ‘जलरंग’ ठेवला, कारण तेलरंगापेक्षा काय वेगळं बघायला मिळणार हे तो सांगतो. वाक्य ठेवायचं की काढायचं, यासाठी मी एकच कसोटी लावतो. ते वाक्य दुसऱ्या चित्रकाराच्या प्रदर्शनाखाली चिकटवून बघायचं. ‘अमूर्त अनुभूतीच्या प्रवासाला नेतात’ हे कुणाच्याही चित्रांखाली चालेल. ‘दाण्यांनी पाणी ओढलं’ हे दुसरीकडे चालणार नाही.

यावर अमूर्त चित्र काढणारे हमखास हरकत घेतात, की आमच्या चित्रात मिठागरही नाही आणि बांधही नाही, मग काय सांगायचं? त्यांच्यासमोर वासुदेव गायतोंडे यांचं काम आहे. आपल्या चित्रांना ते अमूर्तही म्हणवून घेत नसत. तरीही रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून त्यांनी रंगाचे थर कसे चढवले आणि काढले, हे साध्या वाक्यांत सांगता येतं. ते कळलेला माणूस चित्रासमोर अधिक वेळ उभा राहतो. हाताने काय केलं ते सांगितल्याने अर्थ उघडा पडत नाही. तो बघणाऱ्याकडेच राहतो.

एक मर्यादा मात्र सांभाळायला हवी. चित्र बघून कसं वाटेल, हे निमंत्रणात लिहू नये. ‘मन शांत होईल’, ‘थक्क व्हाल’ अशी वाक्यं गेली तरी चालतील. मिठागरं बघून कुणाला बालपण आठवेल, कुणाला तिथे पाय फुटेस्तोवर राबलेले आजोबा आठवतील. ते चित्रकर्तीने आधीच ठरवून टाकू नये.

प्रदर्शन सुरू झाल्यावर गुरुवारी दुसरा मजकूर पाठवावा. तारीख आणि जागेच्या ओळी त्याच ठेवाव्यात, चित्र मात्र दुसरं घ्यावं. मीठ लवकर पडून बिघडलेला एखादा कागद तिने जपून ठेवला असेल, तर तोही दाखवावा आणि शेजारी जमलेलं चित्र ठेवावं, म्हणजे चकाकी ओसरण्याचा तो क्षण वाचणाऱ्याला दिसेल. त्याच मजकुरात आणखी एक ओळ घालावी, की सोमवार शेवटचा दिवस आहे आणि संध्याकाळी चित्रं उतरवायची घाई असते, तेव्हा शक्यतो दुपारपर्यंत या.