झील तिची, अंतरा त्याचा

पाऊस, बसथांबा, दोन अनोळखी माणसं आणि अर्धवट आठवणारं गाणं. एवढ्या सामानावर लघुकथा उभी राहते, पण आजकाल पहिल्याच पानावर तिला मोबाइल आडवा येतो. चार शब्द टाइप केले की अख्खं गाणं हजर. मग त्या दोघांनी बोलायचं कशाला? काही लेखक सरळ बॅटरी संपवून टाकतात. ही पळवाट वाचक लगेच ओळखतो. खरा उपाय गाण्याच्या निवडीत आहे. फोनमध्ये सापडणारच नाही असं गाणं घ्यावं.

मुंबईच्या गिरणगावात अशी गाणी होती. गणेशोत्सवातल्या मेळ्यांसाठी वस्तीतलंच कुणीतरी पदं रचायचं आणि ती पुष्कळदा गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर बसवायचं. मुख्य गायक अंतरा म्हणणार, मागची पोरं झील धरणार, म्हणजे ध्रुवपद उचलून धरणार. ही पदं वहीत राहिली, वही माळ्यावर गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षांत कितीतरी कुटुंबं कल्याण, बदलापूर, विरारकडे पांगली. गाणंही त्यांच्याबरोबर तुकड्यातुकड्यांनी गेलं.

आता लालबागचा थांबा घ्या. जुलैची संध्याकाळ, छप्पर एका कोपऱ्यात गळतंय, म्हणून सगळे उरलेल्या भागात दाटीवाटीने उभे. अनोळखी माणसं एवढी जवळ येण्याचं कारण पावसानेच दिलं. योगायोग ओढून आणावा लागत नाही. त्यात एक पन्नाशी ओलांडलेली बाई आणि चाळिशीतला एक वायरमन. तो स्वतःशीच गुणगुणतोय. चाल ओळखीच्या सिनेगीताची, त्यामुळे बाईंचं लक्षही नाही. मग एका ठिकाणी सिनेमातल्या शब्दांऐवजी भलतेच शब्द येतात आणि त्या वळून पाहतात.

“पुढचं येतं का हो तुम्हाला?”

“नाही ताई. बाबा म्हणायचे, तेवढंच.”

शेजारचा कॉलेजचा मुलगा मदतीला म्हणून फोन पुढे करतो. फोन अर्थातच मूळ सिनेगीत लावतो. दोघंही एकदम म्हणतात, “हे नाही!” कथेत त्यांची ओळख इथे होते, नावं विचारण्याच्या आधी.

यापुढचा भाग कसोटीचा. कोण काय विसरलं हे लेखकाच्या सोयीवर सोडलं तर कथा लुळी पडते. विसरण्यालाही कारण हवं. बाई लहानपणी मेळ्यात झील धरायच्या, म्हणून त्यांच्याकडे ध्रुवपद पक्कं आहे आणि अंतऱ्यांचा पत्ता नाही. त्याचे वडील मुख्य गायक. संपानंतर बदलापूरच्या खोलीत ते एकटेच गुणगुणायचे. झील धरायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून मुलाच्या कानावर फक्त अंतरे पडले. दोन अर्धे तुकडे जुळतात ते या कारणाने. त्याच्या वडिलांचा आवाज तिने ऐकलाय, हे तिला कळतं आणि त्यालाही.

आठवण्याची रीतही खरी असावी. पाठ असलेलं गाणं मधूनच उचलता येत नाही. आपण सुरुवातीपासून म्हणत येतो आणि त्या ओघात पुढचा शब्द तोंडात येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वँडा वॉलेस यांनी १९९४ साली दाखवलं की तीच चाल कडव्यामागून कडव्यात पुन्हा पुन्हा कानावर पडली, तर चालीमुळे शब्द जास्त चांगले आठवतात. पण या मदतीची दुसरी बाजू आहे. सगळे अंतरे एकाच चालीत असले की दुसऱ्यातली ओळ तिसऱ्यात सहज बसते आणि चुकल्याचं चालीवरून कळत नाही. म्हणून कथेत ती दोघं तीनदा पहिल्यापासून सुरू करतील, एका ओळीच्या जागेवरून हलकासा वादही घालतील. एका दमात अख्खं गाणं आठवलं, तर समजावं की लेखकाला बस पकडायची घाई आहे.

गाण्याचे शब्द मात्र कागदावर फार आणू नयेत. मेळ्याचं पद ढोलकीवर रंगतं, छापून साधं दिसतं. दोन-तीन शब्द, एखादं यमक, एवढं पुरे.

शेवट बस ठरवते. तिची बस आधी येते, तेव्हा एक ओळ अजून सापडलेली नसते. लेखकाला मोह होतो की तिने खिडकीतून ती ओरडून सांगावी, किंवा निदान फोन नंबर तरी दिला-घेतला जावा. दोन्ही टाळावं. नंबर मिळाला की वाचक पुढच्या भेटीची वाट पाहू लागतो आणि लघुकथा मालिकेचा पहिला भाग होऊन बसते. ओळ न सापडताच बाई बसमध्ये चढल्या, तरच ही कथा लघुकथा राहते.