आज रात्री बारापर्यंत, पण कुणाच्या?

समजा, ह्यूस्टनच्या एका ऑफिसातून पुण्याच्या सहकाऱ्याला मेसेज येतो: ‘आज रात्री बारापर्यंत फाइल पाठव.’ पाठवणाऱ्याच्या घड्याळात शुक्रवार, 7 नोव्हेंबर 2025, रात्रीचे आठ वाजलेत. पुण्यात तेव्हा शनिवार उजाडून सकाळचे साडेसात झालेत. पुणेकर चहा घेता घेता मेसेज वाचतो आणि निश्चिंत होतो. शनिवारी रात्री बारापर्यंत वेळ आहे, म्हणजे चांगले साडेसोळा तास. दुपारी जेवून बसू.

प्रत्यक्षात त्याच्या हातात चारच तास आहेत. ह्यूस्टनच्या शुक्रवारचे रात्रीचे बारा म्हणजे पुण्यातले शनिवारचे सकाळचे साडेअकरा. तो जेवायला बसेल तेव्हा मुदत टळून गेलेली असेल.

आता उलट बाजूने बघा. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता पुण्याहून ह्यूस्टनला हाच निरोप गेला, तर तिथे शुक्रवारची सकाळ, साडेसात वाजलेले. तारीख दोन्हीकडे एकच, त्यामुळे गोंधळ व्हायचं काही कारण नाही असं वाटतं. पण पुण्याचे रात्रीचे बारा ह्यूस्टनमध्ये दुपारी साडेबारालाच वाजतात. तिथला माणूस मात्र आपल्या मध्यरात्रीच्या हिशोबाने निवांत काम करत राहतो, आणि फाइल येते ती पुण्यातल्या शनिवारी सकाळी साडेअकराला. कुणीही आळस केला नाही, कुणी खोटंही बोललं नाही, तरी साडेअकरा तासांचा उशीर झाला.

‘आज’, ‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द बोलणाऱ्याच्या जागेला आणि वेळेला बांधलेले असतात. एका अंगणात उभं राहून बोलताना ती गाठ दिसत नाही, कारण दोघांचं घड्याळ एकच असतं. निरोप समुद्रापार गेला की शब्द तेवढा पोचतो, गाठ मागे राहते. यातला एक हिशोब मात्र लक्षात ठेवायला सोपा आहे: दोन गावांच्या वेळेत जितक्या तासांचा फरक, दिवसातले तितके तास दोघांची ‘आज’ची तारीख वेगळी असते. पुणे आणि ह्यूस्टनमध्ये हिवाळ्यात साडेअकरा तासांचा फरक आहे. म्हणजे आपल्या मध्यरात्रीपासून सकाळी साडेअकरापर्यंत तिथे कालचीच तारीख चालू असते. जवळजवळ अर्धा दिवस ‘आज’ हा शब्द दोघांसाठी दोन तारखा दाखवतो. दुबईशी बोलताना हा काळ जेमतेम दीड तासाचा, तोही आपल्या मध्यरात्रीनंतरचा. त्यामुळे दुबईत मुलगा असलेल्या घरांना हा प्रश्न फारसा जाणवत नाही आणि अमेरिकेत मुलगी असलेल्या घरांना रोज जाणवतो.

टाइम झोनचा प्रश्न सोडला तरी ‘रात्री बारा’ हा शब्दप्रयोग मुळातच घसरडा आहे. शुक्रवारची मध्यरात्र म्हणजे कोणती? गुरुवार संपून शुक्रवार लागतो ती, की शुक्रवार संपून शनिवार लागतो ती? दोन्हींत चोवीस तासांचं अंतर आहे. यासाठी परदेशात जायचीही गरज नाही, आपली रेल्वे पुरेशी आहे. तिकिटावर 15 तारीख आणि गाडीची वेळ 00:10 असेल, तर घरून निघायचं 14 तारखेला रात्री जेवण उरकून. ‘पंधराला रात्री बाराची गाडी आहे’ असं घरात एकाने सांगितलं की बाकीचे पंधराच्या रात्री बॅगा घेऊन फलाटावर हजर होतात आणि त्यांची गाडी आदल्याच रात्री गेलेली असते. त्यात गाडी लांब पल्ल्याची असली तर आणखी एक घोळ. ती मुंबईहून 14 च्या रात्री सुटते आणि तुमच्या स्टेशनवर मध्यरात्रीनंतर येते. गाडी कुठवर आली हे बघताना सुटण्याच्या तारखेने ती चौदाची गाडी, तुमच्या तिकिटावर मात्र पंधराची. चुकीची तारीख निवडली की भलतीच गाडी ‘वेळेवर’ धावताना दिसते.

म्हणून जाणकार मंडळी बारा हा आकडाच टाळतात. अनेक विमा पॉलिसींवर शेवटच्या दिवसापुढे 23:59 असं छापलेलं असतं. एका मिनिटाच्या या कंजूषपणाने भांडण मिटतं, कारण 23:59 कोणत्या तारखेचे याबद्दल दुमत होऊच शकत नाही. परदेशी विद्यापीठांचे अर्जही बहुधा रात्री 11:59 वरच थांबतात. मात्र तिथे आणखी एक ओळ शोधून वाचावी लागते: ही वेळ विद्यापीठाच्या गावची, की अर्ज करणाऱ्याच्या गावची? दोन्ही पद्धती वापरात आहेत. न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत असेल, तर ती भारतात 1 नोव्हेंबरला सकाळी 9:29 ला संपते. आठवडाभरानंतरची, 7 नोव्हेंबरची मुदत असेल तर ती 8 तारखेला 10:29 ला. हा एक तास वाढला कारण मधल्या 2 तारखेला अमेरिकेने घड्याळं एक तास मागे घेतली. आपल्याकडे तसलं काही नसतं, म्हणून आपल्याला हा बदल बातमीतूनच कळतो, आणि बहुतेकदा एखादी मीटिंग चुकल्यावर.

संशोधकांच्या जगात यावर एक गमतीदार तोडगा निघाला आहे. अनेक परिषदांच्या मुदतीपुढे `AoE` अशी अक्षरं असतात. त्याचा अर्थ, पृथ्वीवर कुठेही ती तारीख चालू असेल तोवर निबंध घेतला जाईल. यासाठी जगातलं सर्वात मागे असलेलं घड्याळ धरतात. ते ग्रीनिचच्या बारा तास मागे आहे आणि त्या पट्ट्यात प्रशांत महासागरातली बेकर आणि हाउलंड ही निर्मनुष्य बेटं येतात. तिथल्या शुक्रवारचे 23:59 म्हणजे भारतातले शनिवारचे संध्याकाळचे 5:29. पुण्या-मुंबईच्या संशोधक विद्यार्थ्यांना हा आकडा तोंडपाठ असतो. जिथे माणूसच राहत नाही त्या बेटाच्या घड्याळावर जगभरचे प्रबंध थांबतात, ही व्यवस्था मला फार आवडते. कुणाच्याही गावाला झुकतं माप नाही.

वारांचा घोळ तारखांपेक्षा वाईट, कारण तिथे चूक झाली तर आठवड्याचीच होते. गुरुवारी, 6 नोव्हेंबरला संध्याकाळी साडेसात वाजता सॅन होजेहून मुलगा लिहितो, ‘आई, येत्या शुक्रवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करू.’ त्याच्या दृष्टीने येता शुक्रवार म्हणजे उद्या. नाशिकमध्ये आई हे वाचते तेव्हा शुक्रवारचे सकाळचे नऊ वाजलेत. शुक्रवार तर आलाच आहे, मग येता शुक्रवार म्हणजे पुढच्या आठवड्यातला, 14 तारखेचा. ती कॅलेंडरवर 14 ला खूण करते. मुलाला अपेक्षित असलेला कॉल आईच्या 14 तारखेला नाही, आणि 7 तारखेलाही नाही. त्याची शुक्रवारची संध्याकाळ नाशिकला शनिवारी, 8 तारखेच्या सकाळी पोचते. ती नेमकी त्या वेळी भाजी आणायला गेलेली असते, आणि ‘फोन का उचलत नाहीस’ म्हणून इकडच्या बहिणीला मेसेज जातो.

‘पुढचा शुक्रवार’ म्हणावं तर त्यावर एका घरातही एकमत नसतं. सोमवारी उच्चारला तर काहींना तो चार दिवसांनी येतो, काहींना अकरा दिवसांनी. दोघेही आपापल्या जागी ठाम असतात आणि कुणाला चूक ठरवावं असा नियमही नाही. वीकेंडचंही तसंच. रियाधमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि रविवारी ऑफिस भरतं. शेजारच्या संयुक्त अरब अमिरातींनी मात्र 2022 पासून शनिवार-रविवारची सुट्टी स्वीकारली. अमेरिकन कंपनीने ‘या वीकेंडला सेवा बंद राहील’ असं कळवलं, तर न्यूयॉर्कचा रविवार भारतात हिवाळ्यात सोमवारी सकाळी साडेदहाला संपतो. ऑफिस उघडून बसलेल्या माणसाला तो वीकेंड वाटणार कसा?

संगणकही यातून सुटलेला नाही. भारतात बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एक दोष वारंवार दिसतो: फॉर्ममध्ये 7 नोव्हेंबर भरला आणि नंतर बघितलं तर 6 नोव्हेंबर. नुसती तारीख लिहिली की काही प्रोग्राम तिला गुपचूप मध्यरात्रीची वेळ चिकटवतात आणि मग ती वेळ ग्रीनिचच्या हिशोबात साठवतात. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे आपली मध्यरात्र तिथे आदल्या दिवशीचे साडेसहा असते:

```
2025-11-07T00:00:00+05:30
2025-11-06T18:30:00Z
```

या दोन ओळी एकाच क्षणाच्या आहेत, पण दुसरीतली नुसती तारीख उचलली की एक दिवस गळतो. यादीत जिथे तिथे `18:30` दिसू लागलं, की ती मुळात भारतातली मध्यरात्र होती हे अनुभवी प्रोग्रामर लगेच ओळखतो. जन्मतारखेला, सुट्टीला, सणाला मुळात वेळ नसते. ती नुसती तारीख म्हणूनच साठवायला हवी.

निरोप लिहिताना वार, तारीख, वेळ आणि गाव असं चारही लिहिलं तर बहुतेक घोळ टळतात: ‘शुक्रवार, 7 नोव्हेंबर, रात्री 11:59, ह्यूस्टनची वेळ, भारतात शनिवारी सकाळी 11:29.’ वार आणि तारीख दोन्ही द्यायचं कारण असं की एकात चूक झाली तर दुसऱ्याशी जुळत नाही आणि वाचणारा विचारतो. गावाऐवजी आद्याक्षरं वापरू नयेत. `IST` म्हणजे आपल्याला भारतीय वेळ वाटते, आयर्लंड आणि इस्रायलमध्येही हीच अक्षरं चालतात. `CST` ह्यूस्टनची असू शकते, तशी चीनचीही.

गावाचं नाव लिहिण्यात आणखी एक फायदा आहे, तो पुढच्या महिन्यांतल्या भेटींसाठी. घड्याळ कधी हलवायचं हे सरकार ठरवतं, आणि सरकार ऐनवेळी मत बदलू शकतं. लेबनॉनमध्ये मार्च 2023 च्या शेवटी घड्याळं एक तास पुढे जायची होती. रमजानचा उपवास संध्याकाळी तासभर आधी सुटावा म्हणून सरकारने दोन-तीन दिवस आधी तो बदल महिनाभर पुढे ढकलला. ख्रिस्ती चर्चने आणि अनेक संस्थांनी ते मानलं नाही. काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या, मग सरकारने निर्णय मागे घेतला. त्या आठवड्यात ‘बैरुतच्या वेळेनुसार सकाळी दहा’ असं लिहिलेल्यांना निदान बैरुतमध्ये कुणालातरी विचारता आलं. ‘ग्रीनिचच्या पुढे अमुक तास’ असा आकडा आधीच काढून ठेवलेल्यांची मीटिंग मात्र सरकारच्या प्रत्येक घोषणेबरोबर चुकीची ठरत गेली.