कालची जर, आजची तर

विमानाची भीती असलेली एक बाई मैत्रिणींबरोबर गेल्या महिन्यात दिल्लीला गेली नाही. इंग्रजीत तिच्याबद्दल म्हणतात, ‘इफ शी वॉझन्ट अफ्रेड ऑफ फ्लाइंग, शी वुड हॅव कम विथ अस.’ सहल होऊन गेली, पण भीती आजही आहे. म्हणून अट ‘वॉझन्ट’मध्ये आणि परिणाम ‘वुड हॅव’मध्ये. याच जागी ‘हॅडन्ट बीन’ म्हटलं, तर रोख फक्त त्या वेळच्या भीतीवर जातो. ती आज टिकून आहे की नाही, हे कळत नाही. म्हणूनच ही रचना स्वभाव, सवय, उंची अशा टिकाऊ गोष्टींना शोभते.

उलटा प्रकार जास्त ऐकू येतो: ‘इफ वी हॅड बुक्ड यस्टरडे, वी वुड बी ऑन द ट्रेन नाऊ.’ काल तिकीट काढलं असतं, तर आत्ता गाडीत असतो. मराठी माणूस इथे हमखास ‘वुड हॅव बीन’ म्हणतो, कारण शाळेत ‘हॅड’ आला की ‘वुड हॅव’ आलाच, अशी जोडी घोकलेली असते. पाठांतर चुकीचं नाही, अपुरं आहे.

तपासायचं असेल तर दुसऱ्या अर्ध्यात ‘नाऊ’ घालून पाहावं. अर्थ बसला, तर नुसतं ‘वुड’ पुरतं.