शनिवारी पोटात दुखतं तेव्हा

बाळा, तुझं नाव इथे लिहीत नाही. पण वाचताच तुला कळेल की ही चिठ्ठी तुलाच आहे. आणि तुझ्यासारखे शनिवारी गायब होणारे इतरही असतील, त्यांनीही ती खुशाल आपली समजून वाचावी.

शिष्यवृत्तीच्या जादा तासाला तू रोज येतोस, पण चाचणीच्या शनिवारी येत नाहीस. गेल्या तीन शनिवारी तुझ्या पोटात दुखलं. सोमवारी मात्र मैदानावर तू सर्वांच्या पुढे! मला कारण ठाऊक आहे. पहिल्या चाचणीत तुला 25 पैकी 11 गुण पडले आणि ते मी वर्गात मोठ्यानं वाचले. मुलं हसली. ती चूक माझी होती. यापुढे मी कुणाचेही गुण वाचणार नाही.

पण तुझा तो पेपर मी जपून ठेवलाय. काल परत पाहिला. चौदा उत्तरं गेली, पण कशी गेली ते बघ. शेवटच्या सहा प्रश्नांना तू हातच लावला नव्हतास, वेळ संपला होता. चार उदाहरणं तुला खरंच येत नव्हती, ती परिमाणांची होती. आणि उरलेल्या चारांत एकच चूक चार वेळा झाली होती.

त्यातलं एक घेऊ. 3024 भागिले 6. सहा पंचे तीस, म्हणून तू वर 5 लिहिलास. बरोबर. मग 2 खाली घेतलास. दोनाला सहानं भाग जात नाही, म्हणून लगेच पुढचा 4 खाली घेतलास आणि सहा चोक चोवीस केलंस. उत्तर आलं 54. अरे, पण 2 खाली घेतल्यावर भाग गेला नाही, तर वर शून्य द्यायला हवं ना! खरं उत्तर 504. असंच 4015 भागिले 5 चं 803 ऐवजी 83 झालं, 8416 भागिले 4 चं 2104 ऐवजी 214. उलटा गुणाकार करून पाहिला असतास तर चोर लगेच सापडला असता: 54 गुणिले 6 म्हणजे फक्त 324.

गंमत अशी, की पर्यायांमध्ये 54 होतंच. पेपर काढणाऱ्याला मुलं कुठे घसरतात ते माहीत असतं. तो चुकीचं उत्तरही तिथे मांडून ठेवतो. आपलं उत्तर पर्यायात दिसलं की आपण खूश!

"पण बाई, मी घरी सोडवलेली उदाहरणं वाचतो की," असं तू म्हणशील. वाचताना ते शून्य पुस्तकानंच दिलेलं असतं. आपण मान डोलावतो आणि वाटतं, आलं आपल्याला. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो कमी वेळा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांच्या एका गटाला जेमतेम 40 टक्के आठवलं, आणि एकदाच वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. म्हणजे आठवण्याची धडपड हाच अभ्यास होता.

आता त्या राहिलेल्या सहा प्रश्नांचं. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात 75 प्रश्न आणि दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. आपल्या 25 प्रश्नांना मी 30 मिनिटं देते ती याच हिशेबानं. घरी आई चहाला हाक मारते, मध्येच आपण उठतो. तिथे हे 72 सेकंद अंगवळणी पडत नाहीत.

चाचणीलाही मर्यादा आहे बरं का. पेपर दप्तरात कोंबला तर तिचा उपयोग फार थोडा. म्हणून वहीच्या मागच्या पानावर तारीख, उदाहरण आणि 'काय चुकलं' एवढं लिहायचं. 'शून्य राहिलं' असं पुढच्या शनिवारी परत लिहावं लागलं, तर मला कळतं की तुला पुन्हा शिकवायला हवं. सलग तीन शनिवारी नाही लिहावं लागलं, तर ती चूक गेली. तू येतच नाहीस, मग मला कसं कळणार? शून्य अजून हरवतंय की सापडलं?

आई-बाबांना एक विनंती. चाचणीहून आल्यावर "किती पडले?" हे आधी विचारू नका. ते मागचं पान बघायला मागा.

या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर परिमाणांची चाचणी आहे, आणि भागाकाराचीही पाच उदाहरणं घातली आहेत. एकात मधे दोन शून्यं आहेत. कोणत्या, ते सांगणार नाही. उत्तरपत्रिकेवरचे गोल रंगवायला निळ्या किंवा काळ्या शाईचं बॉलपेन आण.

तुझ्या बाई