दिसायला सारखे, तरी जुळेनात

समजा, हार्डवेअरच्या घाऊक दुकानात बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून मालाची यादी काढली आणि पुरवठादाराने पाठवलेल्या नव्या दरांच्या एक्सेल शीटला ती VLOOKUP ने जोडली. दहा चिन्हांच्या कोडना दर लागले. आखूड कोडसमोर मात्र #N/A. त्यातला एक PX-1040. दोन्ही याद्यांत तो डोळ्यांना हुबेहूब सारखा. अशा वेळी बहुतेक जण कोड हाताने पुन्हा टाइप करतात. दर लागतो, कारण कळत नाही ते नाहीच.

कारण शोधायचे तर चिन्हे मोजावीत. PX-1040 मध्ये ती सात आहेत. पण `=LEN(A2)` बिलिंगच्या यादीत 10 दाखवते आणि पुरवठादाराच्या यादीत 8. बिलिंगकडचा खुलासा सोपा आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कोडसाठी ठरावीक जागा राखलेली असते. इथे ती दहाची, म्हणून सातापुढे तीन स्पेस भरल्या गेल्या. TRIM ने त्या निघतात आणि बरेच कोड जुळतात.

PX-1040 तरीही अडतो. पुरवठादाराच्या शीटवर TRIM चालवले तरी लांबी आठच राहते. शेवटचे चिन्ह कोणते, हे `=UNICODE(RIGHT(A2,1))` ने विचारले की उत्तर येते 160. साध्या स्पेसचा क्रमांक 32, आणि TRIM फक्त तीच काढते. 160 ही 'इथे ओळ तोडू नका' असे सांगणारी स्पेस, वेबपेजवरून मजकूर कॉपी केला की बरोबर येते. तिच्यासाठी वेगळे सांगावे लागते:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160),""))
```

उत्तर 8203 आले तर ती रुंदीच नसलेली स्पेस. सूत्रात 160 च्या जागी तो आकडा घालायचा. मराठी नावांच्या रकान्यात मात्र अदृश्य चिन्हे सरसकट पुसू नयेत. काही कीबोर्ड 'वाऱ्यावर'मधला रफार नसलेला र लिहायला असेच एक न दिसणारे जोडचिन्ह वापरतात.

बिलिंगवाला म्हणतो, "आमच्याकडे काही चूक नाही." तो खोटे बोलत नसतो. आत SQL Server असेल, तर = ने तुलना करताना तो शेवटच्या साध्या स्पेस मोजत नाही; त्याचे LEN सुद्धा मोजत नाही, त्यासाठी DATALENGTH लागते. एक्सेलला मात्र प्रत्येक स्पेस महत्त्वाची. आता 160 वाला कोड थेट बिलिंगमध्ये आयात झाला, तर तिथेही तो वेगळा ठरतो. एकाच मालाच्या दोन नोंदी होतात, साठा दोघींत विभागला जातो, आणि एकीवर शून्य दिसल्याने गोदामात पडून असलेल्या मालाची पुन्हा ऑर्डर जाते.

म्हणून साफसफाई आयातीआधी, दोन्ही याद्यांवर करायची. जुळ्या नोंदी आधीच झाल्या असतील, तर पहिल्यांदा त्यांचा साठा एका नोंदीवर आणावा. नुसता कोड दुरुस्त करायला गेले, तर 'हा कोड आधीच आहे' असे सांगून सॉफ्टवेअर अडवते.